पट्टीचा पीळ कोपऱ्यात नसतो

पहाटे रस्त्यातल्या चेंबरचं लोखंडी झाकण बाजूला सरकवून उभा असलेला चावीवाला महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांनी पाहिलेला असतो. त्याच्या हातातली चावी इंग्रजी टी अक्षरासारखी असते. वर दोन हातांनी धरायची आडवी मूठ, खाली मीटरभर उभा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर बसणारा चौकोनी खोबणीचा ठोकळा. तो मूठ फिरवतो, दांड्याला पीळ बसतो, तो पीळ खाली पोहोचतो आणि आळीला पाणी सुटतं. व्हॉल्व्ह गंजून बसला असेल तर मात्र वरची मूठ थोडी फिरते आणि खालचं टोक जागचं हलत नाही. वर फिरलं आणि खाली फिरलं नाही, तर मधल्या लोखंडाने तेवढा फरक पोटात घेतला. किती घेतला आणि तसं करताना ते लोखंड कुठे सर्वांत जास्त ताणलं गेलं, हे दोन प्रश्न या लेखाचा विषय आहेत.

दांडा गोल असेल तर दोन्हींची उत्तरं सोपी आहेत. पण समजा, जुनी चावी मोडली आणि फॅब्रिकेशनवाल्याकडे गोल सळई शिल्लक नव्हती. त्याने हाताशी असलेली ४० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड पट्टी कापून दांडा बनवला. वजन तेवढंच, लोखंड तेच. चावी हातात घेतल्याबरोबर चावीवाला म्हणणार की ही 'लेचीपेची' आहे. त्याचं म्हणणं खरं आहे. ते खरं का, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भल्याभल्या इंजिनिअरांनाही धड सांगता येत नव्हतं.

एक लांबट आयताकृती खोडरबर घ्यावं. ते जितकं लांब आणि मऊ तितकं चांगलं. रबराची लांब पट्टी मिळाली तर उत्तमच. त्याच्या रुंद बाजूवर आणि अरुंद बाजूवर बॉलपेनने बारीक चौकटी आखाव्यात, आलेखाच्या कागदावर असतात तशा. मग दोन्ही टोकं दोन हातांत धरून ओला टॉवेल पिळतात तसं हलकेच पिळावं आणि चौकटींकडे नीट पाहावं.

रुंद बाजूच्या मध्यावरच्या चौकटी सर्वांत जास्त तिरक्या होतात. चौरसाचा पतंग होतो. अरुंद बाजूच्या मध्यावरही त्या तिरकतात, पण कमी. आणि अगदी कडेला, जिथे दोन बाजू मिळून कोपरा होतो, तिथल्या चौकटी जवळपास चौकटीच राहतात. रुंदीवर आडवी मारलेली सरळ रेघ आता सरळ उरलेली नसते. तिला एस अक्षरासारखं वळण आलेलं असतं, कारण दोन्ही कडांना ती अजून काटकोनातच भिडू पाहते.

चौकट तिरकी होणं म्हणजे पदार्थाचा एक थर शेजारच्या थरावरून सरकू पाहणं. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून हाताने ढकलला की पत्ते एकमेकांवरून सरकतात, तसं. लोखंडात हे सरकणं डोळ्यांना दिसत नाही, पण ते रोखून धरणारा अंतर्गत जोर असतोच. दर चौरस मिलिमीटरला येणाऱ्या या जोराला पुस्तकी मराठीत कर्तन प्रतिबल म्हणतात आणि कॉलेजात, कारखान्यात शिअर स्ट्रेस. तो मोजायचं एकक मेगापास्कल. एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन, म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाएवढा जोर पडला की एक मेगापास्कल झाला.

खोडरबराने दाखवलेली गोष्ट अशी की पट्टी पिळली असता सर्वांत जास्त शिअर स्ट्रेस कोपऱ्यात नसतो, तो रुंद बाजूच्या मध्यावर असतो. ही जागा पट्टीच्या मध्यरेषेला सर्वांत जवळची आहे. कोपरे सर्वांत लांब, आणि तिथे स्ट्रेस शून्य. कुणालाही आधी उलटंच वाटेल.

उलटं वाटण्याचं कारण गोल सळईत आहे. फ्रान्सचा शार्ल कुलोम याने १७८४ साली तारांच्या पिळावर निबंध मांडला आणि पुढच्याच वर्षी त्याच पिळाच्या तराजूने विजेच्या आकर्षण-अपकर्षणाचं मोजमाप केलं. गोल तार पिळली की तिचा प्रत्येक आडवा छेद चकतीसारखा सपाट राहतो आणि चकत्या फक्त एकमेकींच्या तुलनेत थोड्या थोड्या फिरतात. केंद्रापासून जेवढं लांब तेवढं सरकणं जास्त, म्हणून स्ट्रेस बाहेरच्या कडेला सर्वांत मोठा. हिशेब सरळ आणि गोल सळईसाठी अचूक. क्लोद-लुई नाविए हा पॅरिसच्या पूल-रस्ते विद्यालयातला नामांकित प्राध्यापक. १८२६ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत त्याने हीच कल्पना चौकोनी गजालाही लावली. छेद सपाट राहतात, लांबच्या बिंदूला जास्त ताण, म्हणून कोपरा सर्वांत वाईट.

ही चूक दुरुस्त केली ती नाविएच्याच विद्यार्थ्याने. अदेमार बारे द सँ-व्हनाँ हा १८२३ साली त्या विद्यालयात दाखल झाला होता. १३ जून १८५३ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे पिळावरचा आपला मोठा निबंध ठेवला. गोल नसलेला गज पिळला की त्याचे छेद सपाट राहत नाहीत, हे त्याने धरून चालून गणित मांडलं. चौकोनी छेदाचा काही भाग लांबीच्या दिशेने पुढे येतो, काही मागे जातो, पापड भाजताना मुरडतो तसा. ही मुरड हिशेबात घेतली की कोपऱ्यातला स्ट्रेस आपोआप शून्य येतो. पुढे १८६४ साली नाविएच्या व्याख्यानांची नवी आवृत्ती सँ-व्हनाँनेच काढली. तिच्यात त्याने घातलेल्या टिपा इतक्या होत्या की गुरूचा मूळ मजकूर पुस्तकाच्या एक दशांशाएवढाच उरला.

कोपऱ्यात शून्य का, हे गणिताशिवायही कळतं. शिअर स्ट्रेस कधी एकटा येत नाही. एका पृष्ठावर तो असेल तर त्याला काटकोनात असलेल्या पृष्ठावरही तेवढाच असावा लागतो, नाहीतर मधला कण गरगर फिरू लागेल. आता पट्टीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर कोण हात घासतंय? कुणीच नाही. तिथे हवा आहे. म्हणून कडेजवळच्या कणावर कडेच्या दिशेने रोखलेला शिअर असूच शकत नाही, फक्त कडेला समांतर चालेल. कोपऱ्यातल्या कणाला दोन कडा आहेत. एका कडेने एक दिशा बंद केली, दुसरीने दुसरी. त्याला तिरकं व्हायला वावच राहिला नाही.

मग स्ट्रेस छेदभर कसा पसरतो? याचं सर्वांत सुंदर चित्र १९०३ साली जर्मनीच्या लुडविग प्रांट्लने दिलं. छेदाच्या आकाराचं भोक एका पत्र्यात पाडायचं, त्यावर साबणाचा पडदा धरायचा आणि खालून हलकी फुंकर घालून तो फुगवायचा. पडद्याचा उतार जिथे जेवढा तीव्र, तिथे पिळलेल्या गजात तेवढा शिअर स्ट्रेस. आणि फुगवट्याखाली मावणारी हवा जितकी जास्त, तितका गज पिळायला कठीण. पावसाळ्यात खिडकीच्या चौकटीवर ताणून ठोकलेलं प्लॅस्टिक वाऱ्याने फुगतं तेव्हा हेच दिसतं. लांब बाजूच्या मध्याशी उतार सर्वांत खडा, आखूड बाजूशी कमी, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिक चौकटीला सपाट चिकटलेलं. पट्टी जितकी अरुंद, तितका फुगवटा बुटका आणि खालची हवा थोडी. पहिल्या महायुद्धात ग्रिफिथ आणि टेलर या दोन इंग्रजांनी साबणाचे असे पडदे खरोखरच फुगवून विमानाच्या भागांची पिळाची ताकद मोजली होती.

सँ-व्हनाँचं उत्तर मात्र न संपणाऱ्या मालिकेच्या रूपात येतं. फॅब्रिकेशनवाल्याने ती मालिका सोडवायची गरज नाही, कारण आयताच्या बाबतीत ती एकाच गोष्टीवर अवलंबून असते: रुंदी जाडीच्या किती पट आहे. ४० बाय १० ची पट्टी असो की ४०० बाय १०० चा ठोकळा, दोन्हींत गुणोत्तर चारच. म्हणून एकदा कोष्टक करून ठेवलं की काम भागतं, आणि सँ-व्हनाँने स्वतःच तशी कोष्टकं करून दिली होती. आजही पुस्तकांत हेच आकडे छापतात. सूत्रं दोन:

```
τ = T / (α · h · t²)
θ = T · L / (β · h · t³ · G)
```

यात T म्हणजे पिळाचा जोर अर्थात टॉर्क, L दांड्याची लांबी, h मोठी बाजू म्हणजे रुंदी, t लहान बाजू म्हणजे जाडी. G हा पदार्थाचा ताठपणा; साध्या पोलादाचा तो सुमारे ८०,००० मेगापास्कल असतो. τ म्हणजे रुंद बाजूच्या मध्यावरचा सर्वांत मोठा शिअर स्ट्रेस, आणि θ म्हणजे एका टोकाच्या तुलनेत दुसरं टोक फिरल्याचा कोन, रेडियनमध्ये. α आणि β कोष्टकातून घ्यायचे.

| रुंदी ÷ जाडी | α (स्ट्रेससाठी) | β (कोनासाठी) |
|---|---|---|
| १ | ०.२०८ | ०.१४१ |
| १.५ | ०.२३१ | ०.१९६ |
| २ | ०.२४६ | ०.२२९ |
| २.५ | ०.२५८ | ०.२४९ |
| ३ | ०.२६७ | ०.२६३ |
| ४ | ०.२८२ | ०.२८१ |
| ५ | ०.२९१ | ०.२९१ |
| १० | ०.३१२ | ०.३१२ |
| खूप मोठं | ०.३३३ | ०.३३३ |

कोष्टकावरून एकदा नजर फिरवली तरी त्याचा स्वभाव कळतो. चौरसापासून सुरुवात होते तेव्हा α आणि β वेगळे आहेत. पट्टी पातळ होत जाते तसे ते एकमेकांजवळ येतात आणि शेवटी दोघेही एक तृतीयांशावर जाऊन थांबतात. गुणोत्तर मधलंच आलं, समजा ३५ बाय १० च्या पट्टीचं ३.५, तर वरच्या आणि खालच्या ओळीच्या मधला आकडा घ्यावा. α साठी तो ०.२७४ च्या आसपास येतो, आणि रोजच्या कामाला तेवढं पुरतं.

आता चावीकडे येऊ. चावीवाला मुठीच्या दोन्ही टोकांना, मध्यापासून ३० सेंटिमीटरवर, प्रत्येकी २०० न्यूटन म्हणजे साधारण २० किलो वजनाएवढा जोर लावतो. एक हात ओढतो, दुसरा ढकलतो. टॉर्क झाला दोन गुणिले २०० गुणिले ०.३, म्हणजे १२० न्यूटन-मीटर. मिलिमीटरच्या हिशेबात १,२०,००० न्यूटन-मिलिमीटर. दांडा एक मीटर म्हणजे १००० मिलिमीटर लांब, आणि खालचा व्हॉल्व्ह गच्च बसलेला.

आधी ४० बाय १० ची पट्टी. गुणोत्तर चार, म्हणून α ०.२८२. खालचा गुणाकार ०.२८२ गुणिले ४० गुणिले १० चा वर्ग, म्हणजे १,१२८. १,२०,००० ला त्याने भागलं की आले १०६ मेगापास्कल. हा स्ट्रेस चाळीस मिलिमीटरच्या बाजूच्या ऐन मध्यावर, दोन्ही अंगांना, दांड्याच्या सबंध लांबीभर असतो. कोनासाठी β ०.२८१. त्याला ४० ने, १० च्या घनाने आणि ८०,००० ने गुणलं की जवळपास ९० कोटी होतात. वर आहेत १,२०,००० गुणिले १०००, म्हणजे १२ कोटी. भागाकार ०.१३३ रेडियन, अंशांत सुमारे ७.६. मुठीचं टोक मध्यापासून ३० सेंटिमीटरवर आहे, म्हणून व्हॉल्व्ह तसूभरही न हलता हात चार सेंटिमीटर पुढे सरकतो.

आता तेवढ्याच लोखंडाचा २० बाय २० चा चौरस गज घ्यावा. छेद पुन्हा ४०० चौरस मिलिमीटर, वजन मीटरला तेच ३.१४ किलो. गुणोत्तर एक, α ०.२०८. ०.२०८ गुणिले २० गुणिले ४०० झाले १,६६४. स्ट्रेस ७२ मेगापास्कल. β ०.१४१ धरून कोन ०.०६६५ रेडियन, म्हणजे ३.८ अंश. मुठीचं टोक दोन सेंटिमीटर सरकलं. पट्टीच्या निम्मं. चावीवाल्याच्या हाताला कळलेलं लेचेपेचेपण ते हेच.

तो हाताने हे ओळखतो त्यालाही कारण आहे. व्हॉल्व्ह किती उघडला हे त्याला आत डोकावून दिसत नाही, तो फेरे मोजतो आणि हाताला येणारी सूट ओळखतो. दांडाच चार सेंटिमीटर दबत असेल तर गंजलेला व्हॉल्व्ह हलला की नुसती चावी पिळली, हा भेदच पुसट होतो.

त्याच वजनाची गोल सळई साधारण २२.६ मिलिमीटर व्यासाची येईल. तिच्यात स्ट्रेस ५३ मेगापास्कल आणि कोन ३.४ अंश. भरीव आकारांत तेवढ्याच लोखंडाला गोल छेद पिळासाठी सर्वांत सोयीचा, हा अंदाजही सँ-व्हनाँनेच मांडला होता. चौरस त्याच्या मागोमाग आणि पट्टी बरीच मागे.

नाविएच्या जुन्या पद्धतीने हीच पट्टी तपासली असती तर? त्या पद्धतीत रुंदी आणि जाडी दोन्हींचे वर्ग मिळवून एक आकडा काढतात आणि त्याला पिळाचा ताठपणा समजतात. चाळीस-दहाच्या पट्टीसाठी तो येतो ५६,६६७. खरा ताठपणा, म्हणजे β गुणिले ४० गुणिले १० चा घन, आहे ११,२४०. पाच पट फरक. कोन दीड अंश सांगितला जातो, प्रत्यक्षात साडेसात अंशांहून जास्त. स्ट्रेसचं तर विचारूच नये. जुना हिशेब सर्वांत मोठा स्ट्रेस कोपऱ्यात ४४ मेगापास्कल दाखवतो, आणि रुंद बाजूच्या मध्यावर फक्त १०.६. खरं तिथे १०६ आहे, नेमकं दसपट.

चौरस गजात हीच चूक अठरा टक्क्यांच्या आसपासच राहते. त्यामुळे फक्त चौरस गजांवर प्रयोग करणाऱ्याला मापातली किंवा पदार्थातली खोट वाटून ती सहज सुटली असती. पट्टीत ती लपत नाही. तरी आजही पट्टीला गोल सळईचं सूत्र लावणारा विद्यार्थी सापडतो, कारण 'ध्रुवीय जडत्व' काढायची सवय हाताला लागलेली असते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे वर्ग चुकीच्या बाजूचा करणं. सूत्रात जाडीचा वर्ग आहे, रुंदीचा नाही. चाळीसचा वर्ग आणि दहाचा एकपट घेतला तर स्ट्रेस २७ मेगापास्कल येतो, खऱ्याच्या एक चतुर्थांश, आणि चावी चौपट सुरक्षित वाटू लागते. तिसरी चूक पुस्तक बदलल्यावर होते. काही पुस्तकं बाजूंऐवजी अर्ध्या बाजू धरतात. काही सूत्र उलटं लिहितात, मग चौरसाच्या स्ट्रेसपुढे ०.२०८ ऐवजी ४.८१ आणि कोनापुढे ०.१४१ ऐवजी ७.११ दिसतात. ते वेगळे आकडे नव्हेत, १ ला भागून आलेले तेच आहेत. नवं कोष्टक हाती आलं की आधी चौरसाची ओळ पाहावी. तिथे ०.२०८ आणि ०.१४१ आहेत की त्यांचे व्यस्त, एवढं कळलं की बाकीचं आपोआप लागतं.

कोष्टकालाही मर्यादा आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी ८० बाय ५ च्या पट्टीने दिसते. लोखंड पुन्हा तेवढंच, ४०० चौरस मिलिमीटर. गुणोत्तर सोळा, α आणि β दोन्ही साधारण ०.३२. हिशेब स्ट्रेस १८७ मेगापास्कल सांगतो आणि कोन २७ अंश, म्हणजे मुठीचं टोक १४ सेंटिमीटर फिरलं. पण नेहमीचं साधं पोलाद ताणात २५० मेगापास्कलला वाकतं ते पुन्हा सरळ होत नाही. शिअरमध्ये ही मर्यादा सुमारे १४४ वरच येते. १८७ हा आकडा तिच्या पलीकडचा आहे. म्हणजे तो खरा स्ट्रेस नव्हे. तो सांगतो एवढंच की ही पट्टी कायमची पिळवटेल. पोलाद रबरासारखं परत येतं तोवरच ही दोन सूत्रं खरी.

कायमची पिळवटली का, हे ओळखायला साधन लागत नाही. काम सुरू करण्याआधी दांड्यावर खडूने वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढावी. जोर असताना ती तिरकी होणारच; जोर काढल्यावर ती पुन्हा सरळ झाली नाही तर दांडा मर्यादा ओलांडून गेला. नव्या पट्टीवर रोलिंगची काळी खपली असेल तर ती आधी कुठे तडकते तेही पाहावं. पोलाद हार मानायला रुंद बाजूच्या मध्यापासून सुरुवात करतं, कोपरे सर्वांत शेवटी.

ही मर्यादा मुद्दाम ओलांडणारा कारागीर आपल्याच गल्लीत असतो. गेटच्या आणि खिडकीच्या ग्रिलमधले पिळाचे गज हे गार अवस्थेतच पिळलेले चौरस बार असतात. १० मिलिमीटरच्या साध्या बारला पहिल्यांदा कायमचा पीळ पडू लागतो तो ३० न्यूटन-मीटरला. तिथे फक्त चार बाजूंचे मध्य हरलेले असतात. सबंध छेद हरेपर्यंत टॉर्क ४८ वर जातो, म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या हँडलला साधारण १० किलोचा जोर. मग हवे तेवढे वेढे देता येतात. हात सोडला की बार थोडा उलट फिरतो. किती, ते पुन्हा कोष्टकच सांगतं, कारण परत येणं हे रबरासारखंच असतं: १० मिलिमीटरच्या बारसाठी मीटरला चोवीस-पंचवीस अंश. अनुभवी कारागीर तेवढं जास्त फिरवूनच थांबतो.

दुसरी मर्यादा टोकांची. हे आकडे टोकांपासून दूरच्या भागाचे आहेत. चावीच्या मुठीशी जिथे वेल्ड आहे आणि खाली जिथे ठोकळा बसवला आहे, तिथे छेदाला मोकळेपणी मुरडता येत नाही आणि वेल्डच्या कडेला वेगळा, बहुधा जास्त ताण साठतो. अशा चाव्या तुटतात तेव्हा दांड्याच्या मध्याइतकंच लक्ष या दोन सांध्यांकडे द्यावं लागतं. भोक पाडलेला किंवा खाच मारलेला दांडाही या कोष्टकात बसत नाही. पोकळ चौकोनी पाइपही नाही. त्याचा हिशेबच निराळा, आणि पिळाच्या बाबतीत तो त्याच वजनाच्या पट्टीपेक्षा कितीतरी ताठ असतो.

फॅब्रिकेशनवाल्यापुढचा प्रश्न तेवढा उरतो. त्याच्याकडे गोल सळई नाही, पण वीस मिलिमीटरचा चौरस बार असेल तर तो घ्यावा. १२० न्यूटन-मीटरला तो मर्यादेच्या निम्म्यावर राहतो. चाळीस-दहाची पट्टीच वापरायची असेल तर ती चालेल, पण १०६ आणि १४४ मधलं अंतर थोडं आहे, आणि चावीवाल्याने मुठीत पाइप घालून तरफ दीडपट लांब केली की १५९ होऊन ते संपतं. ऐंशी-पाचची पट्टी या कामाला नको.